सोलरवाल्याचा दर आणि आपल्या बिलातला दर : मध्यम कारखान्यासाठी ओपन ॲक्सेसचा हिशोब

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखानदाराकडे महिन्याला एक तरी सोलरवाला येऊन जातो. लॅपटॉप उघडतो आणि एक आकडा दाखवतो. महावितरणची वीज तुम्हाला साडेआठ रुपयांना पडते, आम्ही ३ रुपये ६० पैशांना देतो, म्हणजे युनिटमागे जवळजवळ ५ रुपये वाचले. आकडे खोटे नसतात. पण त्यांची वजाबाकी करता येत नाही, कारण ३.६० हा सोलापूरकडच्या माळरानावरचा दर आहे आणि साडेआठ हा आपल्या मीटरवरचा. मधलं अंतर तारांचं आहे आणि त्या तारांचा मालक वेगळा आहे.

एक कारखाना धरून सगळा हिशोब करून पाहू. गाड्यांचे पार्ट्स मशिनिंग करणारा, सोबत हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या असलेला, २२ केव्हीवर एचटी जोडणी असलेला. कॉन्ट्रॅक्ट डिमांड १५०० केव्हीए, महिन्याचा वापर साडेचार लाख युनिट, गुरुवारी सुट्टी. खाली येणारे रुपयांचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या जागी तुमचे, म्हणजे वीज नियामक आयोगाच्या सध्या लागू असलेल्या आदेशातले आकडे घाला. रीत तीच राहील.

ओपन ॲक्सेस म्हणजे नेमकं काय

२००३ च्या विद्युत कायद्याने मोठ्या ग्राहकाला एक मुभा दिली. वीज कुणाकडूनही घ्या, ती आणण्यासाठी महापारेषणच्या आणि महावितरणच्या तारा वापरा आणि त्यांचं भाडं भरा. यालाच ओपन ॲक्सेस म्हणतात. आधी ही मुभा १ मेगावॉट आणि त्यावरच्या ग्राहकांपुरती होती. जून २०२२ मध्ये केंद्राने हरित ऊर्जेसाठी वेगळे नियम काढले आणि सौर, पवन अशा विजेसाठी ती अट १०० किलोवॉटवर आणली. मध्यम कारखाना या चर्चेत खऱ्या अर्थाने आला तो तेव्हा.

एक गैरसमज इथेच काढून टाकू, कारण त्यापायी मालकांची फार निराशा होते. तुमच्या कारखान्यात येणारी वीज बदलत नाही. तोच फीडर, तोच ट्रान्सफॉर्मर. फीडर पडला की तुम्ही अंधारात, मग तुमच्या नावाचं सोलर सोलापुरात कितीही तळपत असो. बदलतो तो फक्त हिशोब. तिकडे तुमच्या नावावर किती युनिट ग्रिडमध्ये गेले आणि इकडे तुम्ही किती वापरले, याची दर १५ मिनिटांच्या खणाने जुळणी होते. दिवसाचे असे ९६ खण. जुळलेले युनिट महावितरणच्या बिलातून वजा होतात आणि उरलेल्यांचं बिल नेहमीसारखं येतं.

डिमांड चार्जेसही तसेच राहतात. मीटरला दिसणारी तुमची कमाल मागणी ओपन ॲक्सेसने कमी होत नाही, त्यामुळे केव्हीएवरचा आकार पूर्ण भरावा लागतो. म्हणून ‘बिल ७० टक्के कमी होईल’ असं कुणी म्हणालं, तर बिलातली कुठली ओळ कमी होईल हे बोट ठेवून विचारा.

पहिली पायरी : बिल बाजूला ठेवा, मीटरचा डेटा काढा

वार्षिक वापराच्या आकड्यावर सोलर ठरवणं म्हणजे वर्षभराच्या किराण्याच्या रकमेवरून आज रात्री किती भाकऱ्या लागतील ते सांगणं. आपल्याला हवा तो दर १५ मिनिटांचा वापर. महावितरणचे लोक त्याला एमआरआय डेटा म्हणतात. उपविभागात किंवा मंडल कार्यालयात अर्ज केला की मिळतो. ज्यांचं मीटर दूरस्थ वाचलं जातं त्यांच्याबाबत आणखी सोपं. निदान १२ महिन्यांचा घ्या, म्हणजे दिवाळीची सुट्टी, मार्चची घाई आणि मे महिन्यात बंद पडणारं डिपार्टमेंट, सगळं त्यात येईल.

हा डेटा एक्सेलमध्ये टाकून दिवसाचे तीन भाग करा. सकाळी ९ ते संध्याकाळी ५, संध्याकाळी ५ ते मध्यरात्र, आणि मध्यरात्र ते सकाळी ९. आपल्या कारखान्यात ते असे निघाले : दिवसाच्या भागात महिन्याला २ लाख १० हजार युनिट, संध्याकाळच्या भागात १ लाख २० हजार आणि रात्र-सकाळच्या भागात १ लाख २० हजार.

हेच तीन भाग का, तर वेळेनुसार दर, म्हणजे टीओडी. कित्येक वर्षं महाराष्ट्रात रात्री १० ते सकाळी ६ सवलत होती आणि त्यामुळे भट्ट्या रात्री चालवायची सवय आपल्याकडे मुरली. सौर वीज वाढली तसा हा प्रवाह उलटला. केंद्राच्या २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांतल्या दुरुस्तीने सांगितलं की उन्हाच्या तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा निदान २० टक्के कमी ठेवा. महाराष्ट्रात २०२५ च्या दर आदेशाने सवलत दिवसावर आणि अधिभार संध्याकाळवर आला. त्या आदेशावर फेरविचार आणि कोर्टकचेऱ्याही झाल्या, म्हणून सही करायच्या आठवड्यात लागू असलेला आदेशच हाती धरा, गेल्या वर्षीचा नको.

या बदलाचा अर्थ फार थोडे सोलरवाले सांगतात. जी वीज आपण सोलरने वाचवणार आहोत ती आता महावितरणच्याच दुकानातली सर्वांत स्वस्त वीज आहे.

दुसरी पायरी : फुकटातलं आधी उरकून घ्या

ओपन ॲक्सेसकडे वळण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे रात्रीची कुठली बॅच दिवसा आणता येते का. हीट ट्रीटमेंटची भट्टी सवयीने रात्री लागत असेल आणि माल त्याच दिवशी पुढच्या ऑपरेशनला जाणार नसेल, तर ती दिवसा लावा. यात कुणाची परवानगी लागत नाही आणि गुंतवणूकही नाही.

दुसरी गोष्ट छप्पर. स्वतःच्या शेडवरच्या सोलरला ना व्हीलिंग, म्हणजे महावितरणच्या तारांचं भाडं, ना तारांतली तूट. ठोकळ मानाने १ किलोवॉटला १०० चौरस फूट जागा लागते, म्हणजे ३०,००० चौरस फूट मोकळ्या, मजबूत छपरावर ३०० किलोवॉट. त्यातून महिन्याला साधारण ३६-३७ हजार युनिट मिळतील. पण हे युनिट त्याच ९ ते ५ च्या ताटातले आहेत. छपराने ३७ हजार खाल्ले की ओपन ॲक्सेससाठी २ लाख १० हजार नव्हे, १ लाख ७३ हजारच उरले. दोन वेगळ्या विक्रेत्यांनी एकच ताट दोनदा विकल्याचं मी पाहिलं आहे. दोघांच्याही एक्सेलमध्ये दुसऱ्याचा उल्लेख नव्हता आणि मालकाने दोन्ही फायलींवर सही केली होती.

पुढच्या हिशोबात छपरावर जागा नाही असं धरतो.

तिसरी पायरी : वाट निवडा

हरित वीज घ्यायच्या वाटा चार. सर्वांत सोपी म्हणजे महावितरणलाच सांगा की आम्हाला हरित वीज द्या. नेहमीच्या दरावर थोडे जादा पैसे भरून हे होतं. २०२१ मध्ये आयोगाने त्यासाठी युनिटमागे ६६ पैसे मंजूर केले होते. यात बचत नाही, पण ग्राहक कंपनीला दाखवायला कागद मिळतो आणि डोक्याला ताप नसतो. दुसरी वाट वीज एक्स्चेंजच्या हरित बाजाराची. रोजच्या बोली लावायला माणूस हवा, मध्यम कारखान्याला ती क्वचित झेपते. उरल्या दोन, थर्ड पार्टी आणि ग्रुप कॅप्टिव्ह. खरा निर्णय या दोघांत असतो.

थर्ड पार्टीत तुम्ही नुसते गिऱ्हाईक. प्रकल्प उभारणारा डेव्हलपर वीज विकतो, तुम्ही घेता. यात क्रॉस सबसिडी सरचार्ज भरावा लागतो. उद्योगाच्या चढ्या दरातून शेती आणि घरगुती ग्राहकांना स्वस्त वीज मिळते. तुम्ही बाहेर पडलात की ती भरपाई महावितरणला इथून करून घ्यायची असते.

ग्रुप कॅप्टिव्हमध्ये तुम्ही त्या सोलर प्रकल्पाचे भागीदार होता. कायदा म्हणतो, स्वतःच्या वापरासाठी स्वतः वीज बनवणाऱ्याला हा सरचार्ज नाही. महावितरणने आधीच करार करून ठेवलेल्या पण आता न लागणाऱ्या विजेच्या खर्चापोटी घेतला जाणारा अतिरिक्त अधिभारही कॅप्टिव्ह ग्राहकाला लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये महावितरणच्याच खटल्यात सांगितलं.

चौथी पायरी : मीटरवर पडणारा खरा दर

आता आकडे. डेव्हलपरचा दर ३.६० रुपये, पण तो त्याच्या सबस्टेशनवर मोजलेल्या युनिटचा. तिथून भोसरीपर्यंत हिशोबात तूट धरतात. पारेषणात ३ टक्के आणि वितरणात ७ टक्के धरू. म्हणजे तिकडे १०० युनिट घातले की इकडे ९०.२ पदरात पडतात. पैसे मात्र १०० चे. म्हणून ३.६० भागिले ०.९०२, झाले ३.९९ रुपये.

त्यावर तारांचं भाडं. पारेषण ६० पैसे, व्हीलिंग ७५ पैसे, भार प्रेषण केंद्राची फी आणि वेळापत्रकाचा खर्च मिळून ६ पैसे धरू. बेरीज ५ रुपये ४० पैसे. ग्रुप कॅप्टिव्हचा हा आपल्या मीटरवरचा दर.

आता दुसऱ्या बाजूला काय वाचलं ते पाहू. महावितरणचा ऊर्जा आकार ७.८० आणि व्हीलिंग ०.७५, मिळून ८.५५. विक्रेता हाच आकडा दाखवतो. पण आपण वाचवतोय दिवसाचे युनिट आणि दिवसा ऊर्जा आकारावर २० टक्के सवलत आहे. ७.८० चे २० टक्के म्हणजे १.५६. ते वजा केले की ६.९९ उरतात.

६.९९ वजा ५.४०, बचत १ रुपया ५९ पैसे. विक्रेत्याच्या ४ रुपये ९५ पैशांचं असं होतं. विद्युत शुल्क मी दोन्हीकडून सोडलं आहे. तुमच्या कॅप्टिव्ह युनिटला ते कसं लागतं हे सीएकडून पाहून घ्या.

थर्ड पार्टीत यावर क्रॉस सबसिडी सरचार्ज, समजा १.७५, चढला की दर ७.१५ होतो. दिवसाच्या ६.९९ पेक्षा १६ पैसे महाग. केंद्राच्या हरित नियमांनुसार तुम्ही स्थिर आकार पूर्ण भरत असाल तर अतिरिक्त अधिभार लागत नाही, म्हणून तो मी धरलेला नाही. तो लागला तर प्रश्नच मिटला. थोडक्यात, दिवसाच्या सौर विजेसाठी आपल्या या कारखान्याला थर्ड पार्टी परवडत नाही.

पाचवी पायरी : किती मेगावॉट घ्यायचे

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून सावकाश जाऊ.

महाराष्ट्रातल्या चांगल्या जागेवरच्या १ मेगावॉट पॅनलमधून वर्षाला ठोकळ १५ लाख युनिट धरता येतात, महिन्याला सरासरी सव्वा लाख. पण सरासरी फसवी असते. मार्च-एप्रिलमध्ये १ लाख ४५ हजार येतील आणि ऑगस्टमध्ये ९० हजारांवर समाधान मानावं लागेल.

दीड मेगावॉट घेतले तर सरासरी १ लाख ८७ हजार ५०० युनिट ग्रिडमध्ये जातात आणि तूट जाऊन १ लाख ६९ हजार आपल्याकडे पोचतात. दिवसाची गरज २ लाख १० हजार. वरवर पाहता हे सहज मावतं. पण गुरुवारी कारखाना बंद आणि सूर्याला साप्ताहिक सुट्टी नाही. त्या दिवशीचे युनिट खपत नाहीत. ते बँकिंगमध्ये जातात आणि त्याच महिन्यात इतर दिवशी वापरावे लागतात. बँकिंग म्हणजे महावितरणकडे ठेवलेली युनिटांची ठेव. २०१९ पर्यंत महाराष्ट्रात हा हिशोब वर्षाचा होता, नंतर महिन्यावर आला. महिना संपला की शिल्लक पुढे जात नाही. शिवाय ठेवणावळ म्हणून काही युनिट कापून घेतात आणि किती ठेवता येईल यालाही मर्यादा असते.

हे सगळं धरून दीड मेगावॉटमधले १ लाख ६० हजार युनिट कामी आले आणि ९ हजार वाया गेले असं मानू. बचत १,६०,००० गुणिले १.५९, म्हणजे २ लाख ५४ हजार. वाया गेलेल्या ९ हजारांचे डेव्हलपरला द्यायचे ३.९९ प्रमाणे ३६ हजार वजा. हातात महिन्याला २ लाख १८ हजार, वर्षाला २६ लाख.

आता विक्रेत्याचा आवडता प्रस्ताव पाहू : ३ मेगावॉट, ‘तुमचा कारखाना ७५ टक्के हरित’. पोचणारे युनिट ३ लाख ३८ हजार. त्यातले साधारण २ लाख ९८ हजार ९ ते ५ मध्ये येतात आणि ४० हजार सकाळी-संध्याकाळी. दिवसाचं ताट २ लाख १० हजारांचं, म्हणजे ८८ हजार उरले. दिवसाची शिल्लक संध्याकाळच्या महाग तासांत वळती होऊ दिली तर सोनं, पण आयोगाचा रोख ते थांबवण्याकडे आहे. ती वळती झाली नाही असं धरा. कामी आलेल्या अडीच लाख युनिटांवर ३ लाख ९८ हजार वाचले आणि वाया गेलेल्या ८८ हजारांचे ३ लाख ५१ हजार भरले. हातात उरले महिन्याला ४७ हजार.

प्रकल्प दुप्पट झाला आणि फायदा पावपटीवर आला. दोन्ही प्रस्ताव एकाच विक्रेत्याचे असतील तर त्याच्या एक्सेलमध्ये ३ मेगावॉटवाला दुप्पट फायद्याचा दिसेल, कारण त्यात ९६ खण नसतात, फक्त १२ महिने असतात.

मी एक साधा नियम पाळतो. वर्षातल्या सगळ्यात उन्हाळी महिन्यात, सुट्टीचे दिवस धरून, येणारी वीज दिवसाच्या गरजेत बसली पाहिजे. ऑगस्टमध्ये कमी पडेल, पडू द्या. ते युनिट महावितरण देते. संध्याकाळच्या महाग भागासाठी पॅनल वाढवून उपयोग नाही. तिथे पवन लागतं किंवा बॅटरी. साताऱ्या-सांगलीच्या पठारांवरचा वारा जून ते सप्टेंबर जोरात असतो, नेमका सोलर मंदावतं तेव्हा, आणि तो रात्रीही वाहतो. म्हणून पवन-सौर मिश्र विजेचा दर सौरपेक्षा थोडा चढा असला तरी तीन पाळ्यांच्या कारखान्याला तो खुशाल तपासून पाहावा.

सहावी पायरी : भागीदारी कागदावर आणि खरी

ग्रुप कॅप्टिव्हची व्याख्या २००५ च्या विद्युत नियमांतल्या नियम ३ मध्ये आहे. वीज वापरणाऱ्यांनी मिळून प्रकल्पात निदान २६ टक्के मालकी, तीही मतदानाचा हक्क असलेल्या शेअरची, ठेवली पाहिजे आणि वर्षभरात बनलेल्या विजेपैकी निदान ५१ टक्के वीज स्वतः वापरली पाहिजे. अनेक भागीदार असतील तर ज्याचे जितके शेअर तितका त्याचा वापर. त्यात १० टक्क्यांची ढील. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात प्रमाणात वापरण्याची ही अट पक्की केली.

पैसे किती घालावे लागतात? मेगावॉटला ४ कोटी धरले तर दीड मेगावॉटचे ६ कोटी. त्यातलं ७० टक्के बँकेचं कर्ज, ३० टक्के भांडवल, म्हणजे १ कोटी ८० लाख. त्याचे २६ टक्के ४६ लाख ८० हजार. वर्षाला २६ लाख वाचत असतील तर दोन वर्षांच्या आत वसुली. कागदावर सौदा चांगलाच आहे.

पण ‘ग्रुप’ या शब्दाकडे बघा. हा प्रकल्प १५ मेगावॉटचा आहे आणि तुमच्यासोबत आणखी आठ कारखाने आहेत असं समजा. वर्षअखेरीस ५१ टक्क्यांची किंवा २६ टक्क्यांची अट सगळ्यांची मिळून मोजली जाते. एका मोठ्या भागीदाराची ऑर्डर गेली, त्याने वीज घेतली नाही आणि अट मोडली, तर त्या वर्षापुरता प्रकल्प कॅप्टिव्ह राहत नाही. मग सरचार्ज सगळ्यांना लागतो. आपल्या कारखान्याला १.७५ प्रमाणे १९ लाख २० हजार युनिटांचे ३३ लाख ६० हजार. वर्षाची बचत २६ लाखांची होती. आणि ही नोटीस वर्ष संपल्यावर येते, तोपर्यंत बचतीचे पैसे बोनसात वाटून झालेले असतात.

माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात हे घडलं तेव्हा करारात फक्त एवढंच होतं की ‘कॅप्टिव्ह दर्जा राखण्याची जबाबदारी सर्व पक्षांची राहील’. सर्व पक्षांची म्हणजे कुणाचीच नाही. तिथे हवं होतं ते असं : ग्राहकाने स्वतःचा वाटा वापरला असेल आणि तरी दर्जा गेला, तर पडणारा सगळा बोजा डेव्हलपर भरेल. शिवाय दर तिमाहीला सगळ्या भागीदारांच्या मालकीचा आणि वापराचा तक्ता तो पाठवेल. हा तक्ता आला की जानेवारीतच कळतं की गाडी कुठे चालली आहे, आणि मार्चपर्यंत शेअर किंवा युनिट इकडचे तिकडे करून सावरता येतं.

कराराची आणखी चार कलमं वकिलाच्या आधी स्वतः वाचा. दर कुठल्या मीटरवरचा आहे, डेव्हलपरच्या की तुमच्या? वीज घेतली नाही तरी किती टक्क्यांचे पैसे द्यावेच लागतील? ८० टक्क्यांच्या वर हा आकडा गेला की मंदीत गळफास बसतो. आयोगाने शुल्क किंवा टीओडी बदलली तर फरक कोण सोसणार? बहुतेक करारांत तो ग्राहकाच्या गळ्यात असतो. पूर्ण टळत नाही, पण ‘मीटरवरचा दर अमुक पैशांच्या वर गेला तर दंडाशिवाय बाहेर पडता येईल’ एवढं मिळवता येतं. आणि चौथं, बाहेर पडताना शेअरचे पैसे कसे परत मिळणार. दर्शनी किमतीला परत, असं असेल तर ४६ लाख ८० हजारांवरचं पंधरा वर्षांचं व्याज हाही तुमचाच खर्च आहे. तो युनिटवर वाटून ५.४० मध्ये मिळवा.

सातवी पायरी : परवानगी आणि मीटर

ही पायरी भीती वाटते तेवढी अवघड नाही, पण वेळ खाते. अर्ज ऑनलाइन होतो. हरित ओपन ॲक्सेससाठी ग्रिड इंडियाने चालवलेलं केंद्रीय पोर्टल आहे. नियमांत १५ दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं मानायचं. प्रत्यक्षात घड्याळ सुरू होतं ते अर्ज पूर्ण असेल तेव्हा आणि अर्ज अपुरा निघायची कारणं ठरलेली आहेत. जोडणी जुन्या नावावर आहे, कंपनीचं नाव बदललंय. मागच्या कुठल्या तरी वादाची थकबाकी दिसतेय. कॉन्ट्रॅक्ट डिमांड वाढवायचा अर्ज अर्धवट आहे. हे तिन्ही, करार करायच्या आधी साफ करा.

मीटर १५ मिनिटांची नोंद ठेवणारं आणि दूरून वाचता येणारं लागतं. बाजारात त्याला एबीटी मीटर म्हणतात. त्यासोबत सीटी-पीटी त्या अचूकतेचे आहेत का ते तपासून घेतात. जुने निघाले तर बदलायला शटडाउन लागतो, म्हणून तो गुरुवारी बसवायचं वेळापत्रक आधीच ठरवा.

डेव्हलपरची जोडणी, महापारेषणचं मान्यतापत्र, ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातली नोंदणी ही त्याची कामं. पण तुमचे पैसे त्यात अडकलेले असतात, म्हणून भांडवलाचा पूर्ण हप्ता त्याच्या सबस्टेशनचं काम दिसल्याशिवाय देऊ नका. ‘जमीन झाली आहे’ म्हणजे काय झालं आहे, ते सातबारा मागून बघा.

आठवी पायरी : पहिलं बिल आलं की

ओपन ॲक्सेसचं पहिलं बिल हातात आलं की बहुतेक अकाउंटंट ते बाजूला ठेवतात, कारण ते कळत नाही. प्रकल्पाच्या मीटरचं संयुक्त वाचन आणि त्यावरून तुम्हाला किती युनिटांचं श्रेय मिळालं याची क्रेडिट नोट, हे दोन कागद बिलाच्या शेजारी ठेवा. डेव्हलपरच्या बिलातले युनिट, गुणिले ०.९०२, बरोबर क्रेडिट नोटमधले युनिट आले पाहिजेत. फरक पडला तर एकतर तुटीचा टक्का बदललाय, नाहीतर प्रकल्पातल्या तुमच्या वाट्याची टक्केवारी चुकीची टाकली आहे. दुसरी चूक माझ्या पाहण्यात जास्त आली.

मग क्रेडिट नोटमधले युनिट विभागवार बिलात वजा झालेत का ते बघा. एचटीचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या युनिटांवर असतं आणि क्रेडिट केडब्ल्यूएचमध्ये, म्हणजे साध्या युनिटांत. तुमचा पॉवर फॅक्टर ०.९९ असेल तर फरक नगण्य, पण कपॅसिटर बँक बिघडून ०.९४ झाला असेल तर हे रूपांतर कसं केलंय ते विचारावं लागेल. छपरावरचं सोलरही असेल तर जास्तच लक्ष द्या. ते मीटरच्या आतल्या बाजूला असल्याने मीटरला दिसणारे किलोवॉट कमी करतं, केव्हीएआर तेवढेच राहतात आणि पॉवर फॅक्टर पडलेला दिसतो. ओपन ॲक्सेसच्या विजेने असं होत नाही, कारण तिच्यासाठी मीटरचं वाचन बदलतच नाही.

लोड फॅक्टर इन्सेंटिव्ह, म्हणजे मागणीच्या मानाने भरपूर वापर केल्याबद्दलची सवलत, मिळत असेल तर तोही तपासा. महावितरणकडून घेतलेले युनिट कमी झाले की तो आटू शकतो, आणि हा तोटा कुठल्याच विक्रेत्याच्या एक्सेलमध्ये नसतो.

शेवटी हरित प्रमाणपत्राचा कागद. तुमचा ग्राहक, बहुतेक एखादी मोठी वाहन कंपनी, विचारतो ते यासाठीच. ही वीज हरित असल्याचा दावा कोण करणार हे करारात स्पष्ट हवं. डेव्हलपरने त्याचं प्रमाणपत्र दुसऱ्याला विकलं असेल तर तुमची वीज कागदावर साधी झाली. आणि युरोपला माल पाठवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. युरोपच्या सीमेवरच्या कार्बन करात लोखंड-पोलादाच्या मालासाठी फक्त भट्टीतून थेट होणारं उत्सर्जन मोजतात, विजेचं नाही. सोलर घेतलं म्हणून तो कर कमी होईल असं कुणी सांगत असेल, तर तो कर नेमका कुठल्या उत्सर्जनावर आहे, हे त्यालाच आधी विचारा.

पहिले तीन महिने हा ताळा हाताने करा. चौथ्या महिन्यात वाया गेलेल्या युनिटांचा रकाना बघा. तो सलग ५ टक्क्यांच्या बराच वर राहिला तर तुमचा वाटा मोठा आहे; डेव्हलपरला लिहा आणि तो दुसऱ्या भागीदाराकडे वळवायची बोलणी मार्चच्या आत सुरू करा, कारण एप्रिलमध्ये नवं वर्ष मोजायला लागतं आणि ऊनही तेव्हाच सर्वांत जास्त असतं.